काही त्रास नाही (लघुकथा) : शेवट पटतो का?

शेवंती · २३ जुलै, रात्री १०.१२

खाली एक छोटी कथा देते आहे. आमच्या वाचन गटात दोघीजणी म्हणाल्या की आजकालची शिकलेली मुलगी एवढं साधं सांगायला लाजणार नाही, शेवट ओढूनताणून आणलाय. मला तसं वाटत नाही. वाचा आणि सांगा.

बेचाळिसाव्या दिवशी रश्मी वयनीबरोबर तपासणीला निघाली तेव्हा डिचोलीत पाऊस नुसता कोसळत होता. बाळ वयनीच्या मांडीवर. रिक्षात रश्मी डाव्या मांडीवर सगळा भार टाकून तिरकी बसली होती.

"टाके अजून दुखतात गो?" वयनीनं विचारलं.

"हं," रश्मी म्हणाली. टाके दुखायचे थांबून तीन आठवडे झाले होते.

बाळंत झाल्यावर पहिले पाच दिवस ती संडासला गेलीच नव्हती. कुंथलं तर टाके उसवतील, ही भीती. कळ आली की ती श्वास रोखून पडून राहायची, आणि थोड्या वेळानं कळ निघून जायची. आई सकाळी ऊन पेज द्यायची, दुपारी मऊ भात आणि तूप, चार वाजता मेथीचा लाडू. बाळाला वायू होईल म्हणून पालेभाजी बंद. पाणी दिवसाकाठी दोन पेले, तेही ओवा घालून उकळलेलं. "बाळंतिणीनं पाणी ढोसू नये, पोट सुटतं," आजी म्हणायची. रात्री लोहाची गोळी, सकाळी कॅल्शियमची.

सहाव्या दिवशी मात्र थांबता आलं नाही. तिनं नळ पूर्ण सोडला, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. धुताना हाताला काहीतरी लागलं. पिकल्या करवंदाएवढं, तसंच मऊ. बोटानं दाबल्यावर आत गेलं. भांड्याच्या पांढऱ्या तळाशी लाल ठिपके होते, अगदी ताजे. तिनं बादलीभर पाणी ओतलं. त्यानंतर हे एक दिवसाआड व्हायला लागलं. बाळ रडलं तरी ती दार उघडायची नाही, आणि आई बाहेरून म्हणायची, "किती वेळ ती?"

तपासणीच्या खोलीत टेबल, पडदा आणि दोन स्टुलं. एका स्टुलावर रश्मी, दुसऱ्यावर पुढचा नंबर असलेली बाई. वयनी दाराशी बाळ घेऊन उभी. डॉक्टर मायाळू होत्या. "तुझे सासरे आमच्या बाबांचे दोस्त," त्या ब्लड प्रेशरचा पट्टा गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या. पडद्याआड टेबलावर उताणं झोपवून त्यांनी टाके पाहिले. "छान भरलेत."

मग कागद पाहिले. "प्रसूतीआधी हिमोग्लोबिन १०.६ होतं, आता ९.२ आहे. अंगावरून अजून जातं?"

रश्मी थांबली. "कधी कधी. लाल."

"रोज?"

"रोज नाही."

"हं. लोहाची गोळी एकाच्या जागी दोन घे. महिन्यानं परत रक्त तपासू. आणखी काही त्रास?"

स्टुलावरची बाई तिच्याकडे पाहत होती. वयनीही.

"नाही," रश्मी म्हणाली. "काही त्रास नाही."

औषधांच्या दुकानात तिनं दुप्पट पाकिटं घेतली. ज्या दिवशी गोळी विसरते त्याच्या दुसऱ्या सकाळी कमी रडू येतं, हे तिच्या लक्षात आलं होतं. तिनं पाकिटं पर्समध्ये बाळाच्या लंगोटांखाली ठेवली आणि रिक्षात डाव्या मांडीवर बसली.

अभंगवेडा · २३ जुलै, रात्री ११.०५

शेवट पटला. ती गप्प राहिली हे तर आहेच, पण तिच्या गप्प राहण्यावरच इलाज झाला. गोळ्या दुप्पट झाल्या. हे मला सगळ्यात जास्त लागलं. "कधी कधी. लाल." हे वाक्य खोटं नाही, पण त्यानं जो समज झाला तो खोटा. लाज अशीच काम करते.

एक शंका. हातात मोबाइल असलेली मुलगी निदान शोधून तरी पाहील ना? कथेत मोबाइल कुठेच नाही.

दर्यावर्दी · २४ जुलै, सकाळी ६.५०

ताई, तुमच्या बहिणीला सांगा, अंगावर काढू नका. मी जहाजावर होतो, सात महिने. ड्राय फूड, पाणी कमी, इंजिन रूमची उष्णता. रक्त जायचं, कोणाला सांगणार? केबिनमध्ये दोघं. घरी आल्यावर मडगावला ऑपरेशन करून घेतलं आणि सुटलो. बहिणीचंही लगेच करून टाका, मग पुन्हा कटकट नाही. उगाच गोळ्या खात बसू नका.

शेवंती · २४ जुलै, सकाळी ८.१५

दर्यावर्दी, ही कथा आहे हो, बहीण नाही. पण केबिनमध्ये दोघं, म्हणून सांगता आलं नाही, हे वाचून थांबले. धन्यवाद.

अभंगवेडा, मोबाइलचं खरं आहे. तिनं शोधलं असेलही. शोधून कळतं, पण सांगायला तोंड लागतं.

सुरंगी · २४ जुलै, दुपारी २.४०

मी ३१ वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होते, आता निवृत्त. आधी दर्यावर्दींना: बाळंतिणीचं लगेच ऑपरेशन करत नाहीत. गरोदरपणात गर्भाशयाचा दाब असतो, शिरा सैल पडलेल्या असतात, वरून कळा देताना जोर लागतो. त्यामुळे मूळव्याधीचे मोड येतात. तो दाब गेल्यावर शौच मऊ राहिली तर बहुतेकींचे मोड काही आठवड्यांत आपसूक आक्रसतात. एक प्रकार वेगळा. बाहेरच्या बाजूला एकाएकी निळसर, कडक, भयंकर दुखणारी गाठ येते. आत रक्त गोठलेलं असतं. त्यात पहिले दोन-तीन दिवस फार वाईट. तेव्हा लगेच गेलं तर छोटा छेद देऊन आराम मिळू शकतो. नंतर गेलं तर गाठ हळूहळू जिरायला येते, आणि छेद देण्यात अर्थ उरत नाही.

आता कथेबद्दल. शेवट खरा आहे. असं मी किती वेळा पाहिलं याची मोजदाद नाही. पण दोन ठिकाणी मला थांबावं लागलं.

पहिलं, उताणं झोपवून टाके पाहिले. बरोबर, असंच पाहतात. पण आतला मोड बोटानं आत गेलेला असतो, तो त्या वेळी दिसणारच नाही. म्हणजे डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहूनही त्यांना कळायला मार्ग नव्हता. हे वाचकाला कळायला हवं, नाही तर डॉक्टर निष्काळजी वाटतात.

दुसरं, हिमोग्लोबिन. प्रसूतीत रक्त जातंच, त्यामुळे १०.६ वरून खाली येण्यात नवल नाही. डॉक्टरांनी गोळी वाढवली त्यात चूक नाही. पण सहाव्या आठवड्यात अंगावरून जाणं बहुतेकींचं थांबलेलं असतं किंवा पिवळट-पांढरं झालेलं असतं. लालभडक ताजं रक्त, तेही एक दिवसाआड आणि फक्त संडासला गेल्यावर, हे गर्भाशयातलं नसण्याची शक्यता जास्त. मी बायकांना सांगायची, दिवसभराचं पॅड पाहा. पॅड कोरडं आणि भांड्यात लाल, तर रक्त मागून येतंय. तरी कळत नसेल तर धुतल्यावर पांढऱ्या कापसाचे दोन तुकडे घ्या, एक पुढे टेकवा आणि एक मागे. उत्तर मिळतं. नवऱ्यालाही विचारावं लागत नाही.

आणि एक. डाव्या मांडीवर तिरकं बसण्याइतकं दुखणं हे एकट्या आतल्या मोडाचं लक्षण सहसा नसतं. आतला मोड रक्त देतो, पण फारसा दुखत नाही. रश्मीला त्या कडक शौचानं चीरही पडलेली असणार. दोन्ही एकत्र असतात पुष्कळदा.

कुळागर · २४ जुलै, संध्याकाळी ७.२०

फोंड्याकडचा बागायतदार मी. वैद्य नाही, पण आमच्या घरात हे दुखणं तीन पिढ्या आहे. सुरण. संस्कृतात त्याचं नावच अर्शोघ्न, म्हणजे मूळव्याध मारणारा. चिंच किंवा सोलं घालून उकडा, नाही तर घसा खाजतो. त्यावर ताक. सकाळी पदेराची कोंड्याची पोई, मैद्याचे उंडे नकोत. लावायला भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, आमची आजी वाटीत वितळवून ठेवायची. लोहाची गोळी मात्र बंदच करा, तीच सगळ्याला कारण. लोह बीट आणि खजुरातून मिळतं. आणि रक्त पडतंय म्हणजे मूळव्याधच, त्यात शंका नको.

पाचवी_सकाळ · २४ जुलै, रात्री ९.५८

कुळागरदादा, रागावू नका, पण शेवटच्या दोन वाक्यांवर मला बोलायलाच हवं. शंका नको म्हणूनच माझी फसगत झाली.

मी पेडण्याची. माझं बाळंतपण मागच्या वर्षी. दहाव्या दिवसापासून संडासला जाताना काचेचा तुकडा बाहेर पडतोय असं वाटायचं, आणि उठल्यावर दोन-दोन तास आत आग. कागदावर लाल रेघ. घरी सगळ्यांनी ठरवलं, मूळव्याध. एका ओळखीच्यांनी पुडी दिली, त्यात काय होतं देव जाणे. बाळाला पाजत होते म्हणून मी ती टाकून दिली, तेवढी एक अक्कल आली. तिखट सोडलं, सुरण खाल्लं, मोडावरचं मलम लावलं, फरक शून्य. मुळात मोड नव्हताच. चीर होती. दीड महिन्यानं दाखवलं तेव्हा डॉक्टरांनी वेगळं मलम दिलं. ते आतला घट्ट आवळलेला स्नायू सैल करतं, मग चीर भरते. चौथ्या दिवशी मी रडले नाही.

म्हणजे रेघ आणि काच असेल तर चीर, टपटप थेंब आणि दुखणं कमी असेल तर मोड. पण हे घरी बसून ठरवून मग इलाज सुरू करू नका. एक महिना मी दुसऱ्याच दुखण्याचं औषध लावलं.

सुरंगी · २५ जुलै, सकाळी ९.०५

पाचवी_सकाळ, बरोबर. आणि पुडी टाकलीत हे फार चांगलं केलंत.

कुळागर, ताक, भाजी, पोई चांगलीच, सुरणही खा. पण पोईबद्दल एक सांगते, हल्ली पुष्कळ ठिकाणी मैद्याच्याच पिठावर वरून कोंडा भुरभुरतात. तोडून पाहा, आतून तांबूस असेल तर ठीक. भिरंडेलानं वरची कातडी मऊ राहते, मोड जात नाही. लोहाची गोळी मात्र बंद करायला सांगू नका. ९.२ वर बीट-खजुरानं भागत नाही. बाळ दूध पितंय, आई दिवसरात्र जागते आहे, आणि रक्त थेंबाथेंबानं जातंय. गोळीनं शौच घट्ट होते हे खरं. पण त्याचा इलाज शौच मऊ करणं, आणि गोळीचा त्रास डॉक्टरांना सांगणं. सांगितलं तर त्या गोळी बदलतील, एक दिवसाआड देतील, नाही तर शिरेतून लोह देतील. रश्मीनं सांगितलं नाही म्हणून ते काहीच झालं नाही, नुसती गोळी दुप्पट झाली. गोळी वाढली की शौच कडक, कडक झाली की रक्त, रक्त गेलं की हिमोग्लोबिन कमी, म्हणून परत गोळी. हे फेर धरून चालतं.

लोहानं शौच काळी-हिरवट होते, तिला घाबरायचं नाही. काळ्यावर लाल दिसलं तर ते रक्त.

नीलपरी · २५ जुलै, सकाळी ११.३०

इसबगोल घ्यायचं ना? मी घेतलं होतं आणि उलट जास्त अडकलं. सगळे म्हणतात घे, माझ्यावर उलटलं.

सुरंगी · २५ जुलै, दुपारी १२.१०

पाणी किती प्यायलात? इसबगोल पाणी शोषून फुगतं. एक-दोन चमचे एका मोठ्या पेल्यात टाकून लगेच प्यायचं, वर आणखी एक पेला. रश्मीसारखं दिवसाला दोन पेले पाणी आणि वर इसबगोल, तर आत गोळाच बसायचा. पाजणारीला तर तहान लागते म्हणून पाणी लागतंच. दर पाजण्याला एक पेला शेजारी ठेवा, पोट सुटत नाही. लॅक्टुलोजचं गोड सिरप मिळतं, रात्री घ्यायचं. ते आतड्यातच राहतं, रक्तात जवळजवळ जात नाही, म्हणून पाजणारीला चालतं. किती ते डॉक्टरांना विचारा.

एक_नवरा · २५ जुलै, रात्री १०.४४

दोन दिवस वाचतोय. आमच्या घरात बाळ २६ दिवसांचं आहे. बायको माहेरी साखळीला. फोनवर म्हणते सगळं बरं आहे. काल गेलो तेव्हा ती जमिनीवर पाटावर बसेना, उभ्यानं जेवली. मी विचारलं नाही. विचारलं तर तिला वाईट वाटेल का? तिची आई, मावशी सगळ्या तिथे असतात.

पाचवी_सकाळ · २५ जुलै, रात्री ११.२०

दादा, सगळ्यांसमोर विचारू नका. बाळाला फिरवायच्या निमित्तानं अंगणात न्या आणि सरळ विचारा, "संडासला जाताना दुखतं का?" माझ्या नवऱ्यानं हेच विचारलं तेव्हा मी तिथेच रडले. "बरी आहेस ना?" असं विचारलं असतं तर मीही बरी आहेच म्हटलं असतं.

सुरंगी · २५ जुलै, रात्री ११.३८

हेच. आमच्या वॉर्डातही "काही त्रास?" या प्रश्नाला ९९ जणी "नाही" म्हणायच्या. त्यांना वाटायचं, त्रास म्हणजे ताप, टाके, दूध. मी मग विचारायची, "शी कधी झाली? कडक होती? बसताना कुठे लागतं?" नंतर एकदम बोलणं सुरू व्हायचं. एक बाई म्हणाली होती, "सिस्टर, मला वाटलं ते बाळंतपणातच येतं, तुम्हाला माहीत असणार." तिनं सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं आम्हाला दिसलंय.

ओपीडी_डायरी · २६ जुलै, सकाळी ७.१५

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सुरंगीताईंचं बहुतेक पटतं, पण कथेत आणि चर्चेत सगळा भार डॉक्टरच्या प्रश्नावर टाकलाय, त्याला माझी हरकत आहे. सकाळच्या ओपीडीत चाळीस बायका असतात. गर्भनिरोधक, टाके, रक्त, दूध, मनाची अवस्था, बाळाचं वजन, एवढं सगळं त्या काही मिनिटांत बसवायचं. मी विचारते शौचाबद्दल, दरवेळी. तरीही "नाही" येतं. सोबत सासू असेल तर नक्की येतं. मी सोबतच्या बाईंना बाहेर थांबायला सांगते, तेव्हा त्या रागावतात. एकीनं तर सुनेलाच दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं.

म्हणजे मी विचारायचं हे कबूल. पण तिनं सांगायचंच नाही, हे मला कसं कळणार?

सुरंगी · २६ जुलै, सकाळी १०.००

डॉक्टर, तुमचं चुकतंय असं म्हणत नाही. पण त्या स्टुलावरच्या दुसऱ्या बाईला खोलीत बसवून प्रश्न विचारला तर त्या प्रश्नाचा उपयोग अर्धा होतो. स्टूल एकच ठेवायला पैसे लागत नाहीत.

ओपीडी_डायरी · २६ जुलै, सकाळी १०.३२

पैसे नाही, पण वेळ लागतो. पुढची बाई आत नसेल तर प्रत्येक वेळी हाक मारून बोलवायची, पुन्हा दोन मिनिटं. तुम्हाला ठाऊक आहे. मी पडद्याआड विचारते, तेवढं करते. आपलं दोघींचं यावर एकमत होईल असं वाटत नाही.

अळसांदा · २६ जुलै, दुपारी १.२५

थोडं अवांतर. त्या जागेला आपल्याकडे बाईमाणसानं वापरावा असा शब्दच नाही. पुस्तकात गुदद्वार. घरात कोणी म्हणत नाही. बाकीचे शब्द शिव्या आहेत. मराठीत लिहिते-वाचते, घरी कोंकणी बोलते, तरी दोन्हीत मला सापडत नाही. माझ्या आईनं डॉक्टरांना "बसायची जागा" म्हटलं होतं आणि डॉक्टरांनी कंबरेचा एक्स-रे काढला.

पाचवी_सकाळ · २६ जुलै, दुपारी १.५०

अळसांदा, एक्स-रे वाचून हसले आणि मग नाही हसले. मी "मागून" म्हटलं होतं. "मागून रक्त येतं." तेवढ्यात कळलं त्यांना.

कुळागर · २६ जुलै, दुपारी ३.०५

"शी करताना रक्त येतं." एवढं म्हटलं की जागेचं नाव घ्यावं लागत नाही. आणि गोळी बंद करा म्हणालो ते मागे घेतो. सुरंगीताईंनी फेर धरतो म्हटलं ते डोक्यात बसलं. आमच्याकडे दोन सुना बाळंत झाल्या, दोघींना पाणी मोजून दिलं होतं. आमच्या म्हातारीचंच म्हणणं होतं ते.

अनामिका_७ · २६ जुलै, रात्री ११.४९

नाव बदलून लिहिते आहे. मला मोड नाही, दुखतही नाही. पण बाळंतपणानंतर गॅस आवरत नाही, आणि कधी कधी कपड्याला लागतं. तीन महिने झाले. हेही मूळव्याधीतच येतं का? मी देवळात जाणं बंद केलंय.

सुरंगी · २७ जुलै, सकाळी ६.३०

नाही, हे मूळव्याधीत येत नाही. बाळ बाहेर येताना मागच्या बाजूचा आवळून धरणारा स्नायू फाटलेला असू शकतो, टाके घातले असतील तरी किंवा त्या वेळी लक्षात आलं नसेल तरी. त्यासाठी व्यायाम आहेत, तपासण्या आहेत, गरज पडली तर दुरुस्तीही आहे. पण आधी कोणी तरी पाहायला हवं. इसबगोल, सुरण यात वेळ घालवू नका. वेगळी अपॉइंटमेंट घ्या, नेहमीच्या तपासणीच्या गर्दीत नको. आणि कागदावर लिहून न्या, हेच वाक्य जे इथे लिहिलंत. "गॅस आवरत नाही, कधी कधी कपड्याला लागतं, तीन महिने." बोलायचं नसेल तर कागद टेबलावर ठेवा. मी अशा चिठ्ठ्या घेतल्या आहेत, आणि त्या चिठ्ठ्यांना कोणी हसलं नाही.

ओपीडी_डायरी · २७ जुलै, सकाळी ७.०२

अनामिका_७, हो. या आठवड्यात दाखवा.

एक_नवरा · २७ जुलै, रात्री ८.१०

आज साखळीला गेलो. अंगणात पाऊस होता, गोठ्याच्या पडवीत उभे राहिलो. विचारलं. आधी ती म्हणाली नाही. मग म्हणाली, "तुला कसं कळलं?" उद्या मीच नेतो, आईंना घरी थांबवलं आहे. गरम पाण्यात बसायचं म्हणतात ते किती गरम, कोणी सांगेल का? सासूबाई भाणातलं कढत पाणी देतात.

सुरंगी · २७ जुलै, रात्री ८.३५

बाळाच्या अंघोळीचं असतं तेवढंच. कोपर घालून पाहा, सोसवलं पाहिजे. पसरट टबात दहा-पंधरा मिनिटं, शौचानंतर जमेल तसं. त्यात काही घालू नका, डेटॉल नको, मीठ नको. मोड यानं जात नाही, पण आवळलेलं सैल पडतं आणि जरा बसता येतं. आणि संडासात पायाखाली छोटा पाट ठेवा, गुडघे वर येतात. फोन बाहेर ठेवा, पाच मिनिटांत झालं नाही तर उठून या.

शेवंती · २८ जुलै, सकाळी ९.२०

तीन दिवस काही लिहिलं नाही, पण रोज वाचत होते. मूळ प्रश्नाचं उत्तर मला मिळालं, आमच्या गटातल्या दोघींनाही हा धागा पाठवला. पहिला शेवट मी काढलेला नाही. पण कथा आणखी एक महिना पुढे नेली आहे.

महिन्यानं रक्त तपासलं तेव्हा ८.७ आलं. डॉक्टरांनी कागद दोनदा पाहिला. "गोळ्या घेतेस ना दोन?"

"घेते."

"मग कमी का होतंय?" त्यांनी दाराशी उभ्या वयनीकडे पाहिलं. "बाळाला जरा बाहेर घेऊन जा, इथे वारा लागतो." स्टुलावरच्या बाईलाही त्यांनी बाहेर बसायला सांगितलं. खोलीत पंख्याचा आवाज राहिला.

रश्मीनं पर्समधून लंगोट बाजूला करून कागद काढला. घडी चार वेळा घातलेली होती. तिनं तो ब्लड प्रेशरच्या यंत्राखाली सरकवला आणि खिडकीबाहेर पाहिलं. कागदावर लिहिलं होतं : शी करताना रक्त येतं. सहाव्या दिवसापासून.

डॉक्टरांनी वाचलं. "झोप टेबलावर," त्या म्हणाल्या. रश्मी उताणी झोपली.

अभंगवेडा · २८ जुलै, सकाळी १०.४०

मला अजूनही पहिला शेवट जास्त आवडतो. पण ८.७ वाचून छातीत धस्स झालं, आणि डॉक्टरांच्या "मग कमी का होतंय?" या प्रश्नावर मी थांबलो. पहिल्या वेळी त्यांना विचारावं लागलंच नाही, कारण उत्तर आधीच तयार होतं.

सुरंगी · २८ जुलै, सकाळी ११.१५

शेवंती, शेवटचं वाक्य बदला. यासाठी उताणं झोपवत नाहीत. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी घेऊन. तोंड भिंतीकडे होतं, बाईला कोणाकडे पाहावं लागत नाही.